निरोप समारंभाचं चित्र: वसतिगृहातल्या खाटेवरून चालणारा धंदा

प्रश्न: मी नागपुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघं राहतो, माझ्या वाट्याला एक खाट, एक कपाट आणि अर्धं टेबल. चित्रकला चांगली आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या आहेत, चेहरे बऱ्यापैकी जमतात. हाताशी दोन-अडीच हजार रुपये आहेत. कोणता धंदा करू?

उत्तर:

चेहरे जमतात ना, मग चेहरेच कर. टी-शर्ट आणि कॉफीचे मग छापायचे तर माल भरून ठेवावा लागतो, आणि तुझ्याकडे एक कपाट आहे. भिंती रंगवायच्या तर दोन-दोन दिवस सलग लागतात. दुसऱ्यांच्या जर्नलमधल्या आकृत्या काढून देणं हा वसतिगृहातला जुना जोडधंदा आहे, पण एकदा सापडलास की तुझंच वर्ष जाईल. तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदीबैलांचे डोळे आणि झुली रंगवायचं काम मिळतं, मीही केलं आहे, पण तो पंधरा दिवसांचा खेळ.

पेन्सिलीने फोटोवरून चेहरा काढून देणारे नागपुरात पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचं रडगाणं एकच असतं: गिऱ्हाईक पाचशेच्या वर जात नाही. कारण ते गिऱ्हाईक म्हणजे मैत्रिणीचा वाढदिवस असलेला दुसरा विद्यार्थीच असतो. खिसा एकट्याचा आणि तोही रिकामा. माझा धंदा ज्या दिवशी चालायला लागला त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं, की चित्र घेणारा एकटा नसावा, वर्गणी काढणारा घोळका असावा. असा घोळका दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक सरकारी कार्यालयात आणि शाळेत जमतो. निरोप समारंभाला.

राज्य सरकारी कर्मचारी साधारणपणे ५८व्या वर्षी, वाढदिवस येतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. ज्याचा जन्म १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस. आता आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो ते आठव. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी सोयीची तारीख टाकली ती टाकली. ही सगळी मंडळी ३१ मे रोजी एकदम निवृत्त होतात, आणि ज्यांच्या नावापुढे जूनमधली दुसरी तारीख पडली ती ३० जूनला. म्हणजे तुझा हंगाम ठरलेला आहे. तो तुझ्या परीक्षेला आणि नागपूरच्या उन्हाळ्याला लागूनच येतो ही अडचण आहे, तिच्याकडे पुढे येतो.

शाल-श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, चांदीचा मुलामा दिलेली मूर्ती यांचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला असतो. अठरा जणांनी दीडशे-दीडशे काढले की २,७०० रुपये जमतात. त्यातले २,२०० फ्रेमसकट चित्राला द्यायला कोणी कुरकुर करत नाही, कारण प्रत्येकाच्या खिशातून गेलेले दीडशेच असतात. ज्याला चित्र मिळायचं त्याला किंमत ठाऊकच नसते, म्हणून घासाघीसही होत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घे, कारण ती मला फार उशिरा कळली. जिवंत माणसाचा काळा-पांढरा चेहरा काळ्या फ्रेममध्ये आपल्या लोकांना चालत नाही. तोंडावर कोणी बोलत नाही, पण तसा फोटो म्हटला की डोळ्यांसमोर हार येतो. माझं तिसरं की चौथं काम एका मुख्याध्यापक बाईंचं होतं. चित्र सुरेख झालं होतं, पण समारंभात त्यांच्या आईने ते पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. ते चित्र त्यांच्या घरी कधीच भिंतीवर लागलं नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. फ्रेम तपकिरी किंवा लाकडी रंगाची घेतो, काळी कधीच नाही. आणि चित्रात एक जागा रंगीत ठेवतो: बाईंचं कुंकू आणि साडीचा काठ, पुरुषाचा टाय, फेटा किंवा खिशाला लावलेलं पेन. एवढ्याने चित्र हार घातलेल्या फोटोपासून दूर जातं. यातही एक खोच आहे. ग्रॅफाइटवर रंगीत पेन्सिल चालवली की रंग मळकट होतो, लाल कुंकू विटकरी दिसतं. म्हणून ती जागा कोरी ठेवायची, तिथे आधी रंग भरायचा आणि मग भोवतीची छटा रंगाच्या कडेपर्यंत आणायची.

सामानाला फार पैसे लागत नाहीत. चांगल्या कार्ट्रिज कागदाचा २२ बाय ३० इंची पूर्ण ताव घे, २०० जीएसएमच्या आसपासचा. त्याचे बरोबर चार तुकडे होतात, ११ बाय १५ इंचाचे. चित्र मधल्या ८ बाय ११ इंचात काढायचं आणि भोवतीचा दीड-दोन इंच कोरा ठेवायचा, कारण तो माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली जातो आणि तुझी बोटं लागायला हक्काची जागाही तीच. पेन्सिली एचबी, २बी, ४बी, ६बी एवढ्या पुरतात, जोडीला केसांसाठी एक ०.५ची मेकॅनिकल पेन्सिल. मळून वापरायचा पुट्टी रबर, दोन पेपर स्टंप, हार्डबोर्डचा एक फळा आणि चार चिमटे. हे सगळं दीड हजाराच्या आत बसतं. उरलेल्या पैशातून एक नमुना फ्रेम करून घे. मोबाइलवर दाखवलेलं चित्र बघून लोक “छान” म्हणतात. फ्रेममधलं चित्र हातात दिलं की “कितीला?” असं विचारतात.

नमुना कोणाचा काढायचा? नटाचा नको. नटाचा चेहरा सगळ्यांना पाठ असतो, पण गिऱ्हाइकाला स्वतःच्या ओळखीचा चेहरा तुला जमेल का हे बघायचं असतं. तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातले काका, मेसमधल्या मावशी, असा रोजचा चेहरा घे. तिथले पाच-पन्नास लोक स्वतः ताडून बघतील आणि बोलतील. कॉलेजच्या कार्यालयात या वर्षी कोण निवृत्त होणार आहे ते तिथल्याच लिपिकाला विचार. पहिलं काम बहुधा तिथूनच येतं.

आता एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयातले अधीक्षक ३१ मे रोजी निवृत्त होणार होते, आणि १२ मे रोजी तिथल्या दोघांनी मला गाठलं. मी ११०० रुपये आगाऊ घेतले. निम्मे पैसे आधी घेणं सोडू नकोस. घोळक्याच्या कामात जबाबदारी कोणा एकाची नसते, समारंभ झाला की सगळे पांगतात.

त्यांनी दिलेला फोटो सेल्फीतून कापलेला होता. असा फोटो घ्यायचा नाही. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब पडतात, त्यामुळे नाक फुगतं आणि कान मागे पळतात. तू तो फोटो तंतोतंत उतरवलास तरी लोक म्हणतील की साहेब वाटत नाहीत, आणि चूक कुठे आहे हे त्यांनाही सांगता येणार नाही. फ्लॅशचा फोटोही तसाच निरुपयोगी. समोरून उजेड पडला की गालाची, नाकाची सावलीच उरत नाही, आणि पेन्सिलीला काम करायला सावलीच लागते. मी त्या दोघांना सांगितलं की साहेबांना खिडकीजवळ बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, दोन-अडीच मीटर लांब उभे राहा, झूम करा आणि फ्लॅश बंद ठेवा. भेट गुपित ठेवायची होती, म्हणून त्यांनी “नोंदीसाठी फोटो लागतो” अशी थाप मारली. दुसऱ्या दिवशी सहा फोटो आले, त्यातला एक कामाचा होता.

तो फोटो ४ बाय साडेपाच इंचात छापून घेतला आणि त्यावर अर्ध्या इंचाचे चौकोन आखले: आडवे आठ, उभे अकरा. मग एका साध्या झेरॉक्सच्या कागदावर एक-एक इंचाचे तेवढेच चौकोन आखून दुपटीने रेषाचित्र काढलं. चौकोन चांगल्या कागदावर आखू नयेत. ते खोडताना कागदाचे तंतू उठतात आणि पुढे छटा देताना नेमक्या त्या रेषा गालावर जाळीसारख्या उमटतात. झेरॉक्सच्या कागदावर हवं तितकं खोड. रेषाचित्र पक्कं झालं की त्याच्या पाठीवर २बी घास, चांगल्या कागदावर ठेव आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने हलक्या हाताने गिरव. खाली फिकट, स्वच्छ रेषा उतरते.

साम्य इथेच ठरतं, छटेत नाही. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि नाकाचा बुंधा यांचा त्रिकोण जुळला की बाकी चेहरा ओळीला लागतो. तो दोन मिलिमीटर चुकला तर पुढचे आठ तास कितीही सुंदर छटा दे, माणूस दुसराच दिसतो. म्हणून या टप्प्यावर मोबाइलमध्ये फोटो आणि रेषाचित्र दोन्ही आडवे उलटवून शेजारी ठेवायचे. आपला डोळा सरळ चित्राला सरावलेला असतो, उलट्यात चूक एकदम टोचते.

याच टप्प्यावर गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचा, पण ठरलेल्या एकाच माणसाला. मी एकदा चूक केली आणि सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. एक म्हणे ओठ जाड झाले, दुसरा म्हणे पातळ झाले, आणि तिसरा म्हणे, “हे आपले साहेब वाटूनच नाही राहिले बे!” तो तिसरा साहेबांना वर्षभरच ओळखत होता. दोन दुरुस्त्या या टप्प्यावर फुकट. छटा सुरू झाल्यावर एकही नाही. हे आगाऊ पैसे घेतानाच लिहून पाठवायचं.

अधीक्षकांचं रेषाचित्र १५ तारखेला मंजूर झालं. छटेला मी आठ तास धरतो, रोज दोन तासांप्रमाणे चार दिवस. रेषाचित्राचे तीन धरले की एकूण अकरा. सुरुवात डोळ्यांपासून, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे यायचं, म्हणजे तळहात झालेल्या कामावर पडत नाही. डावखुरा असशील तर उलट. तळहाताखाली कोरा कागद हवाच. सगळ्यात गडद जागा, म्हणजे बुबुळ, नाकपुडी आणि केसांची मुळं, आधी भरून घे. नाहीतर सगळा चेहरा राखाडी होतो आणि शेवटी जीव येत नाही. दात एकेक आखू नकोस, मध्ये गडद रेषा आली की माणूस भेसूर हसतो. दातांचा एकच पांढरा पट्टा ठेव, हिरडीकडे किंचित सावली दे, एवढं बास.

चित्र २० तारखेला झालं आणि त्याच दिवशी फ्रेमवाल्याकडे गेलं. एरवी तो तीन दिवसांत देतो, पण मे महिना म्हणजे लग्नसराई, त्यामुळे आठवडा धरलेला बरा. महाल, इतवारी, सीताबर्डी या भागांत फ्रेमवाले आहेत. दोघा-तिघांकडे भाव विचार आणि मग एकालाच धरून राहा. फ्रेम १२ बाय १६ इंची, आत माउंट हवाच. माउंट शोभेसाठी नसतो. तो काच आणि कागद यांच्यात फट ठेवतो. माउंट नसला तर काच थेट ग्रॅफाइटला टेकते, पावसाळ्यात दमट हवेने चित्र काचेला चिकटतं आणि पुढे फ्रेम उघडली की अर्धं नाक काचेवर येतं.

फ्रेमचे ४८० गेले, कागद, छपाई आणि पेन्सिलीची झीज मिळून ९० आणि येण्याजाण्याचे ६०. एकूण ६३० वजा जाता १,५७० उरले. अकरा तासांचे, म्हणजे तासाला १४० रुपयांच्या थोडं वर. तुझा हात सुरुवातीला हळू चालेल, तुला पंधरा तास लागतील आणि हाच आकडा शंभरावर येईल. तरीही दर उतरवू नकोस. पहिल्या दोन कामांना हवं तर फ्रेमचे पैसे सोड, पण चित्राचा दर एकदा खाली गेला की त्याच कार्यालयातला पुढचा निवृत्त होणारा त्याच दराने येतो.

आता तुझी खोली. खोलीत तिघं असताना चित्राला धोका तेलाचा. ग्रॅफाइटचा डाग रबराने उचलता येतो, तेलाचा कशानेच नाही. माझ्या एका साथीदाराने रविवारी सकाळी तर्री पोह्यांची पुडी माझ्या टेबलावर उघडली आणि लाल तर्रीचा एक थेंब एका निवृत्त होणाऱ्या हवालदारसाहेबांच्या कपाळावर पडला. ते चित्र मी पुन्हा पहिल्यापासून काढलं, कारण तेल कागदात पसरत जातं आणि वर्षभराने पिवळं वर्तुळ होतं. त्यानंतर नियम केला: काम थांबलं की चित्रावर बटर पेपर, त्यावर पुठ्ठा, वरून चिमटे, आणि सगळं गादीखाली सपाट. मग वर कोणी खोबरेल लावलेलं डोकं टेकवलं तरी हरकत नाही.

दुसरा धोका कूलरचा, आणि तो बाहेरगावच्या कलाकाराला सांगूनही कळत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो, कूलर बंद ठेवता येत नाही, आणि कूलर म्हणजे रात्रभर खोलीत सोडलेली ओल. कागद ती पितो, त्याला लाटा येतात आणि मऊ पडलेल्या कागदावर ६बी ठिपक्याठिपक्यांनी बसतं. बोटाने कागदाची कड टिचकावून बघ. कोरडा कागद कडक वाजतो, ओलावलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तर त्या दिवशी छटा देऊ नकोस. मी ताव पॉलिथिनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायचो आणि पहाटे पाच ते आठ कूलर बंद करून काम करायचो. त्या वेळी साथीदार झोपलेले असतात, पंखा पुरतो, तळहाताला घामही कमी येतो आणि खिडकीतून एका बाजूचा उजेड मिळतो. परीक्षेचं गणितही याच वेळेत बसव. मार्च-एप्रिलमध्ये फक्त नोंदणी आणि आगाऊ पैसे घे, फोटो काढून घे, आणि पेपर संपल्यावर चित्रं सुरू कर. मेअखेरसाठी चारपेक्षा जास्त कामं धरू नकोस. पाचवं काम धरलं की चारही बिघडतात.

ग्रॅफाइट कागदावर पक्कं बसवणारा फिक्सेटिव्हचा स्प्रे खोलीत मारायचा नाही. तो पेट घेणारा असतो, वासाने साथीदारांचं डोकं धरतं आणि वॉर्डनचं फिरतं. गच्चीवर, वारा नसताना, फूटभर अंतरावरून दोन पातळ हात द्यायचे आणि मधे दहा मिनिटं थांबायचं. पाऊस लागलेला असेल तर मारूच नको, दमट हवेत त्यावर पांढुरका थर येऊ शकतो. माउंट लावून काचेत जाणार असेल तर स्प्रे नसला तरी चालतं. त्याऐवजी केसांचा स्प्रे वापरायचा सल्ला देणारे भेटतील. तो काही वर्षांत कागद पिवळा करतो.

गिऱ्हाइकाला खोलीवर बोलवू नकोस. बहुतेक वसतिगृहांत बाहेरच्यांना वर येऊ देत नाहीत आणि धंदा चालवण्याला मनाई असते, म्हणून वॉर्डनला आधीच सांगून ठेव की चित्र काढतो, माल विकत नाही. देणंघेणं कार्यालयात नाहीतर फ्रेमवाल्याच्या दुकानात. जीएसटीची काळजी आत्ता नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. पण कोणाकडून किती आगाऊ आले ते वहीत लिहीत जा, नाहीतर जूनमध्ये यूपीआयच्या यादीतून कोण कोणत्या कार्यालयाचा हे शोधत बसशील.

दोन कामं नाकारायला शीक. पहिलं, दोन वेगळ्या फोटोंतून नवरा-बायको शेजारी बसवून देणं. एकावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून असतो आणि ती दोघं एका खोलीत बसलेली कधीच वाटत नाहीत. दोघांचा एकत्र फोटो असेल तरच घे, आणि दर पावणेदोन पट सांग. दुसरं, गेलेल्या माणसाचं चित्र आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून. त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके असतात, आणि तू जे भरशील ते तुझ्या मनातलं असेल. घरचे रडवेले होऊन मागतात, नाही म्हणणं जड जातं. त्यांना सांग की त्याच वयातले लग्नकार्यातले घोळक्याचे फोटो शोधा, एखाद्यात तरी चेहरा स्पष्ट सापडतो. नाही सापडला तर पैसे घेऊ नकोस.

आणि फ्रेम बंद करायच्या आधी मागच्या पुठ्ठ्यावर चार ओळी लिहून चिकटव: ज्यांचं चित्र त्यांचं नाव, कार्यालय, निरोपाची तारीख, खाली तुझं नाव आणि मोबाइल. त्या अधीक्षकांकडे पुढे एक पाहुणे आले, त्यांनी फ्रेम उचलून मागून बघितली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होते आणि त्यांचीही जन्मतारीख १ जूनचीच होती.